मराठी माणसाने नेपाळी शिकताना: लिपी ओळखीची, ‘तिमी’ अनोळखी

प्रश्न: मी सांगलीची, फिजिओथेरपिस्ट आहे. अडीच महिन्यांनी पोखऱ्यातल्या एका रुग्णालयात वर्षभरासाठी जाणार आहे. रुग्ण बहुतेक आसपासच्या खेड्यांतले, वयस्क असतील. हिंदी चांगलं येतं. देवनागरी एकच, म्हणजे अर्धं काम झालंच, असं सगळे म्हणतात. खरंच तसं आहे का? सुरुवातीच्या आठवड्यांत नेमकं काय करू?

उत्तर:

अर्धं नाही, पण एक चांगला तुकडा नक्की झालाय. लिपीमुळे पाट्या, औषधांच्या चिठ्ठ्या, बातम्यांचे मथळे पहिल्या दिवसापासून वाचता येतील आणि निम्मे शब्द ओळखीचे वाटतील. अडचण पुढे येते. वाचता येतंय म्हणून आपण नेपाळी शब्द मराठी सवयीने उच्चारतो, आणि ती सवय नेमकी आदर-अनादराच्या जागी दगा देते. तुमचं सगळं काम ‘बसा’, ‘झोपा’, ‘पाय वर घ्या’ असं सांगण्याचं आहे, म्हणून मी त्याच बाजूने सांगतो.

आधी एक निर्णय घ्या: पहिले सहा आठवडे समोरच्या माणसासाठी फक्त ‘तपाईं’ वापरायचं, मग तो शिपाई असो, आजी असो की तुमच्याहून लहान नर्स. नेपाळीत ‘तू’ च्या जागी सरळ तीन पायऱ्या आहेत: तँ, तिमी, तपाईं. मराठी कानाला ‘तिमी’ हे आपलं ‘तुम्ही’ वाटतं, आणि मराठी माणसाची सगळ्यात महागडी चूक इथेच होते. ‘तिमी’ म्हणजे तुम्ही नाही. ते बरोबरीच्या मित्राला, धाकट्या भावाला, ओळखीच्या मुलाला म्हणायचं. आपल्या मोकळ्या ‘तू’ च्या जवळचं. सत्तरीच्या आजीला तुम्ही मनातल्या मनात ‘तुम्ही’ म्हणून ‘तिमी बस’ म्हणालात, तर तिला ते ‘ए, बस गं’ असं ऐकू येतं. परदेशी म्हणून ती माफ करेल, पण शेजारी बसलेल्या सुनेचा चेहरा बदललेला दिसेल. ‘तँ’ त्याहून खालचं: भांडणात, गुराढोरांना, अगदी लहान पोराला आणि फार जवळच्या जिवलगाला. मराठीत आपण आईला सर्रास ‘तू’ म्हणतो. तिथे आईला तपाईं की तिमी हे घराघरावर ठरतं, आणि बाहेरच्याने त्यात अंदाज बांधू नये.

हाच निर्णय व्याकरणाच्या दृष्टीनेही स्वस्तात पडतो. तँ आणि तिमीची क्रियापदं प्रत्येक काळात वेगळी वळतात: तँ जान्छस्, तिमी जान्छौ, तँ गइस्, तिमी गयौ. तपाईंचं तसं नाही. कोशात क्रियापद ज्या ‘-नु’ रूपात सापडतं (जानु, गर्नु, बस्नु, खानु), त्यालाच पुढे एक शेपूट जोडायचं. आत्ताचं किंवा नेहमीचं सांगायचं तर ‘हुन्छ’: जानुहुन्छ, गर्नुहुन्छ. झालेलं सांगायचं तर ‘भयो’: जानुभयो, गर्नुभयो. आज्ञा-विनंती असेल तर ‘होस्’: जानुहोस्, गर्नुहोस्, जे बोलताना आखडून ‘जानुस्, गर्नुस्’ होतं. नकाराला गर्नुहुन्न, गर्नुभएन, नगर्नुस्. जानुचा भूतकाळ एरवी ‘गयो’ असा मुळापासून बदलतो, पण तपाईंला ‘जानुभयो’ म्हणजे मूळ जसंच्या तसं. एवढ्या सहा शेपट्यांवर कुठलंही नवं क्रियापद सर्वांत आदराच्या रूपात लगेच चालवता येतं. नवशिक्याला सर्वांत सोपं रूप हेच सर्वांत सभ्य रूप असावं, अशी सोय मला इतर कुठल्या भाषेत फारशी दिसली नाही.

‘असणे’ ची गोष्टही तशीच. नेपाळीत ‘आहे’ दोन आहेत, हो आणि छ. ‘हे माझं घर आहे’ म्हणजे ‘यो मेरो घर हो’, आणि ‘घर मोठं आहे’ म्हणजे ‘घर ठूलो छ’. हिंदीवाल्यांना हे समजावून सांगायला वेळ लागतो. आपल्याकडे एक कसोटी तयार आहे: वाक्य नकारार्थी करून बघा. जिथे जुन्या वळणाने ‘नव्हे’ म्हणता येतं तिथे हो-होइन, आणि जिथे फक्त ‘नाही’ च शोभतं तिथे छ-छैन. ‘ती डॉक्टर नव्हे’, तर ‘उनी डाक्टर होइनन्’. ‘भात गरम नाही’, तर ‘भात तातो छैन’. तपाईं आणि आदराचा ‘ते’ (उहाँ) आले की ही निवडही करावी लागत नाही, दोन्हींच्या जागी ‘हुनुहुन्छ’. ‘आपण कुठे आहात?’ म्हणजे ‘तपाईं कहाँ हुनुहुन्छ?’, ‘ते डॉक्टर आहेत’ म्हणजे ‘उहाँ डाक्टर हुनुहुन्छ’.

उहाँ विसरू नका. मराठीत आपण अनेकवचन लावून आदर दाखवतो, ‘बाबा आले’. तिथे समोर नसलेल्या वडीलधाऱ्यालाही तेच शेपूट लागतं: ‘बुबा आउनुभयो’. आजीबरोबर आलेल्या मुलाला तुम्ही ‘आमाले औषधि खायो?’ असं विचारलंत, तर व्याकरण कळेल पण कानाला खटकेल. ‘आमाले औषधि खानुभयो?’ म्हणा. आणि हे शेपूट स्वतःला कधीच लावायचं नाही. विद्यार्थी तपाईंच्या रूपांत इतके रमतात की ‘म जानुहुन्छु’ असं काहीतरी निघून जातं. स्वतःबद्दल साधं रूप: म जान्छु, म गर्छु, मैले खाएँ.

आता लिपीकडे येऊ, कारण तिचा आणि आदराचा धागा जोडलेला आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. ‘घर’ लिहितो, ‘घर्’ म्हणतो. नेपाळीत नामांच्या बाबतीत तसंच होतं, पण क्रियापदात लिहिलेला ‘अ’ उच्चारायचा आणि गिळायचा असेल तिथे पायमोडका लिहायचा, अशी रीत आहे. म्हणून ‘बस्’ ही तँची आज्ञा आणि ‘बस’ ही तिमीची, शेवटचा अ स्पष्ट. मराठी वाचक ‘बस’ हे अक्षर बघतो आणि सवयीने ‘बस्’ म्हणतो, म्हणजे तिमीवरून थेट तँवर घसरतो, आणि आपण घसरलो हे त्याला कळतही नाही, कारण कागदावर बरोबर वाचलेलं असतं. गर आणि गर्, भन आणि भन्, सुत आणि सुत् या सगळ्या जोड्या अशाच. म्हणून नेपाळी वाचताना क्रियापदाच्या शेवटी डोळा थांबवा: पायमोडका आहे की नाही?

दुसरी जागा चंद्रबिंदूची. मराठीत चंद्रबिंदू जवळपास उरलेला नाही. आपण अनुस्वार दिसला की न्, म्, ङ् असं पूर्ण व्यंजन म्हणतो, आणि ‘पाँच’ चं ‘पान्च’ करतो. नेपाळीत नाकातला स्वर खरा आहे आणि तो माणूस बदलतो. ‘खाएँ’ म्हणजे मी खाल्लं, ‘खाए’ म्हणजे त्यांनी खाल्लं. ‘गरेँ’ आणि ‘गरे’ तसंच. हा आवाज कोकणी बोलणाऱ्यांच्या तोंडात आधीच असतो. सांगलीकरांना थोडा सराव करावा लागेल.

बाकी उच्चारात मराठी माणूस फायद्यात आहे. ऐ आणि औ नेपाळीत आपल्यासारखेच अइ-अउ, हिंदीसारखे पसरट नाहीत. च आणि ज हे चमच्यातला च आणि ‘जरा’ तला ज. फक्त त्यांच्याकडे ते सगळीकडे तसेच राहतात, ‘चिया’ (चहा) मध्येसुद्धा. आपली जीभ इकारापुढे ‘चिवडा’ कडे वळते, ती वळू द्यायची नाही. ‘गर्‍यो’ (केलं) मधला तो आडवा अर्धा र पाहून हिंदीवाले गोंधळतात. आपण वाऱ्यावर, दऱ्याखोऱ्यांत तो लहानपणापासून लिहितोय. ळ नाही. श, ष, स बोलताना बहुतेक वेळा स होतात, व पुष्कळ शब्दांत ब होतो, ह्रस्व-दीर्घ कानाला वेगळं ऐकू येत नाही. म्हणून ऐकलेला शब्द कोशात नाही सापडला तर स-श, ब-व, इ-ई अदलून बघा. छापील झ आणि ५, ८, ९ हे आकडे कधी कधी वेगळ्या वळणाचे दिसतात. दोन दिवसांत डोळा सरावतो.

विभक्तीच्या बाबतीत बातमी चांगली आहे. प्रत्यय मराठीसारखे शब्दाला चिकटून लिहितात, आणि सामान्यरूपाची कटकट जवळजवळ नाही. आपलं घर-घरात, पुणे-पुण्यात, गुडघा-गुडघ्याला असं बदलत जातं. तिथे घर-घरमा, पोखरा-पोखरामा, घुँडा-घुँडामा. फक्त सजीवांच्या ओकारान्त नामाचा बहुधा आ होतो (छोरो, छोरालाई) आणि सर्वनामं बदलतात. ती पाठच करावी लागतात: म-मलाई-मैले-मेरो, यो-यसलाई-यसले-यसको, ऊ-उसलाई-उसले-उसको, को (कोण)-कसलाई-कसले-कसको. तपाईं इथेही शहाणा: तपाईंलाई, तपाईंले, तपाईंको, बदल काहीच नाही.

ला म्हणजे लाई, आणि मराठीतली ‘मला’ ची वाक्यं बऱ्याच वेळा तशीच्या तशी उतरतात: मलाई थाहा छ (मला माहीत आहे), मलाई भोक लाग्यो (मला भूक लागली), मलाई पानी चाहियो (मला पाणी हवंय). इतकी उतरतात की माणूस बेसावध होतो आणि ‘पोखरालाई जान्छु’ म्हणतो. गावाला जाताना लाई लागत नाही: ‘पोखरा जान्छु’. बसने जायचं तर ‘बसमा जान्छु’, बसच्या आत बसून. हाताने, तापाने याला मात्र आपल्यासारखं ले: हातले, ज्वरोले. ‘मला व्यायाम करायला पाहिजे’ यातला ‘मला’ ही लाई होत नाही, ‘मैले व्यायाम गर्नुपर्छ’ होतो. हून-पासून यांना बाट आणि देखि, पर्यंतला सम्म, बरोबरला सँग, पेक्षाला भन्दा. यांत अडायला होत नाही.

अडतं ते ‘ले’ शी. ‘रामाने भाकरी खाल्ली’ याला ‘रामले रोटी खायो’. ने च्या जागी ले, सोपं. पण मराठीत मी, आम्ही, तू, तुम्ही यांना ने दिसतच नाही: ‘मी भात खाल्ला’. म्हणून तोंडातून ‘म भात खाएँ’ निघतं. नेपाळीत तिथे ‘मैले’ च हवं, ‘तपाईंले’ च हवं. दुसरं म्हणजे आपलं क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं: भात खाल्ला, भाकरी खाल्ली, पोहे खाल्ले. नेपाळीचं क्रियापद खाणाऱ्याला सोडत नाही: मैले भात खाएँ, मैले रोटी खाएँ, मैले चिउरा खाएँ, सगळीकडे खाएँच. आपल्या डोक्यातलं ते लिंग जुळवण्याचं यंत्र बंद ठेवायचं. वस्तूंना नेपाळीत स्त्रीलिंग नाहीच म्हटलं तरी चालेल. खुर्ची चांगली असली तरी ‘कुर्सी राम्रो छ’. बायकांबद्दल बोलताना लिखित भाषेत ‘राम्री’, ‘मेरी’, ‘गइन्’ येतं, पण उहाँ आणि तपाईंमध्ये स्त्री-पुरुष भेद उरत नाही, त्यामुळे तुमचं काम अडणार नाही.

ले कधी लावायचं याचा नियम सुरुवातीला मराठीसारखाच धरा: झालेली क्रिया आणि कर्म घेणारं क्रियापद. म गएँ, म आएँ, म बसेँ. पण मैले गरेँ, मैले भनेँ, मैले खाएको छु. वर्तमानकाळातही लोक अधूनमधून ले लावताना ऐकू येतील. ते आत्ता उचलू नका.

आता तुमच्या टेबलावर हे सगळं कसं दिसतं ते पाहू. एक आजी सुनेचा हात धरून आत येतात.

नमस्ते आमा, भित्र आउनुस्। यहाँ बस्नुस्।
कहाँ दुख्छ?
घुँडा दुख्छ, नानी।
कहिलेदेखि दुख्छ?
दशैँदेखि।
के गर्दा बढी दुख्छ?
उकालो चढ्दा दुख्छ, ओरालो झर्दा झन् दुख्छ।
यहाँ सुत्नुस्। खुट्टा सीधा गर्नुस्। अब बिस्तारै मोड्नुस्। दुख्यो भने भन्नुस् है।

बोलताना तुम्ही कुठेही ‘तपाईं’ हा शब्द उच्चारलेला नाही, आदर सगळा ‘आमा’ आणि ‘-नुस्’ वर उभा आहे. नेपाळीत सर्वनामापेक्षा नातं आणि क्रियापद जास्त काम करतात. दिदी, दाइ, आमा, बुबा असं वयाप्रमाणे म्हणायचं, जसं आपण ताई, दादा, आजी म्हणतो. फक्त सावध: ‘भाइ’ म्हणजे धाकटा भाऊ. मुंबईचा भाई डोक्यात ठेवून मोठ्या माणसाला भाइ म्हणू नका, तो दाइ. बहिनी ही धाकटी बहीण, मोठी ती दिदी. आजी तुम्हाला नानी म्हणाल्या, म्हणजे बाळ. त्यांनी तुम्हाला तिमी म्हटलं, एखादीने तँ म्हटलं, तरी ते मायेचं आहे. उत्तर मात्र -नुस् मध्येच द्यायचं.

दशैँ म्हणजे दसरा, उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार, झन् म्हणजे आणखीच, बिस्तारै म्हणजे हळू. ‘चढ्दा’ आणि ‘गर्दा’ ही आपली ‘चढताना’, ‘करताना’. एकदा हे लक्षात आलं की ‘उठ्दा?’, ‘बस्दा?’, ‘हिँड्दा?’ (चालताना) अशा एकेका शब्दात अर्धी तपासणी होते. ‘दुख्यो भने’ म्हणजे ‘दुखलं तर’, भूतकाळाचं रूप आणि पुढे तर, अगदी मराठी बांधणी. आणि इथेच दोन शब्दांचा सापळा आहे. नेपाळीत ‘तर’ म्हणजे आपलं ‘पण’, आणि ‘पनि’ म्हणजे आपलं ‘सुद्धा’. ‘मी पण येते, पण उशिरा’ हे ‘म पनि आउँछु, तर ढिलो’ होतं. ‘दुखलं तर सांगा’ चं घाईघाईत ‘दुख्यो तर भन्नुस्’ झालं, की आजीला ‘दुखलं, पण सांगा’ असं काहीतरी विचित्र ऐकू येतं.

शेवटचं ‘है’ सोडू नका, ते ‘बरं का’ आहे, आणि त्याने आज्ञा मऊ होते. असंच एक ‘रे’ आहे, जे आपलं ‘म्हणे’: ‘उहाँ आउनुहुन्न रे’, म्हणजे ‘ते येणार नाहीत म्हणे’. हिंदीवाल्यांना हे सापडत नाही, आपल्याला घरचं वाटतं.

उत्तरं ऐकताना कान क्रियापदाच्या शेपटीवर ठेवा. ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सुटं उत्तर क्वचित येतं. ‘दुख्छ?’ ला ‘दुख्छ’ किंवा ‘दुख्दैन’, ‘औषधि खानुभयो?’ ला ‘खाएँ’ किंवा ‘खाइनँ’. ‘दैन’ आणि ‘इनँ’ हे दोन नकार ओळखता आले नाहीत तर तुम्ही उलटं लिहून घ्याल, आणि ते फार उशिरा कळेल. मनाई करताना ‘भारी उचाल्नु हुँदैन’ म्हणा, जड उचलायचं नाही. हेच रूप जोडून ‘आपण उचलत नाही’ असंही होऊ शकतं, संदर्भाने उलगडतं. शंका आली तर सरळ ‘नउचाल्नुस्’.

वय विचारलंत तर कधी कधी ‘२०१५ सालको’ असं उत्तर येईल. ते विक्रम संवत. त्यातून ५७ वजा करा, म्हणजे १९५८. जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा जन्म असेल तर ५६.

सुरुवातीच्या आठवड्यांचं सांगतो. दिवसाला तीस-चाळीस मिनिटं पुरे, पण मोठ्याने बोलून. डोळ्यांनी वाचण्याचा तुम्हाला फारसा उपयोग नाही, कारण तुम्हाला वाचता येतंच.

पहिला आठवडा फक्त कान आणि तोंड. बीबीसी नेपालीच्या बातम्यांचा एखादा मिनिटाचा तुकडा पाच-सहा वेळा ऐका, मग वाचक थांबतो तिथे थांबून त्याच्यामागून म्हणा. समजलं नाही तरी चालेल. त्याच्या जोडीने बस्-बस, गर्-गर, खाए-खाएँ, छ-छन् या जोड्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी न बघता ऐका. तुमचं तुम्हाला कोणतं कोणतं ते ओळखू आलं नाही, तर पुढे जाऊ नका. मोबाईलच्या कीबोर्डात नेपाळी भाषा वेगळी जोडून घ्या. मराठी कीबोर्डवरचा आडवा र आतून वेगळ्या संकेताने टंकला जातो, आणि ‘गर्‍यो’ शोधायला गेलं की कधी कधी काहीच सापडत नाही.

दुसऱ्या आठवड्यात दहा क्रियापदं, त्याहून एक जास्त नको: आउनु, जानु, बस्नु, उठ्नु, सुत्नु, हिँड्नु, खानु, गर्नु, भन्नु, हेर्नु. प्रत्येकाची तीन रूपं, म-चं (गर्छु), तपाईंचं (गर्नुहुन्छ), विनंतीचं (गर्नुस्), आणि तिन्हींचे नकार. म-चा नकार जरा चावरा आहे, गर्दिनँ, जाँदिनँ, खाँदिनँ. तो गाण्यासारखा घोकावा लागतो. हो-छ ची नव्हे-नाही कसोटी याच आठवड्यात.

तिसरा आठवडा प्रत्ययांचा. याद्या करू नका. तुमच्या घरातली, दवाखान्यातली वाक्यं घ्या आणि एकाच वाक्यातला प्रत्यय बदलत जा: टेबलमा, टेबलमाथि, टेबलमुनि, टेबलबाट. सर्वनामांची बदललेली रूपं मात्र भिंतीवर लावा. संख्यांबरोबर माणसांना जना आणि वस्तूंना वटा लागतं: तीन जना, तीन वटा. जना आपल्या ‘तीन जण’ मुळे आपोआप येतं. वटा विसरतं, म्हणून ‘एउटा, दुइटा, तीन वटा’ असं मोजत जिने चढा.

चौथा आणि पाचवा आठवडा भूतकाळाला द्या, आणि त्यात घाई नको. रोज रात्री दिवसभरात केलेल्या आठ-दहा गोष्टी मोठ्याने सांगा: मैले चिया खाएँ, म क्लिनिक गएँ, मैले बिरामी हेरेँ. प्रत्येक वाक्यात मैले की म हे ठरवायचं आहे. मग तीच वाक्यं तपाईंला विचारा: तपाईंले चिया खानुभयो? तपाईं क्लिनिक जानुभयो? याच सुमारास कुणाशी तरी बोलायला लागा. पैसे देऊन व्हिडिओवर शिकवणारे काठमांडूतले शिक्षक मिळतात, आठवड्यातून दोनदा घ्या, आणि आधीच सांगा की हिंदीत समजावू नका. आपल्याकडच्या गावांत नेपाळी माणसं हॉटेलांत, इमारतींच्या फाटकांवर भेटतात. त्यांच्याशी बोलायला संकोच नको, पण तिथे आपली जुनी सवय आड येते. वॉचमनला ‘तू’ म्हणणारा मराठी माणूस नेपाळीतही त्याला ‘तिमी’ म्हणायला बघतो. तपाईं म्हणा. ‘खाना खानुभयो, दाइ?’ हे आपल्या ‘जेवलात का?’ इतकंच रोजचं आहे, आणि गप्पा तिथूनच सुरू होतात.

सहाव्या आठवड्यात वरच्यासारखे चार-पाच संवाद तुमच्या कामाचे तयार करा: गुडघा, कंबर (कम्मर), पाठ (ढाड), खांदा (काँध), आणि पक्षाघातानंतरचा रुग्ण. शिक्षकाला रुग्ण व्हायला सांगा आणि त्याने मुद्दाम भराभर, तोंडातल्या तोंडात बोलावं. खेड्यातली आजी बातम्यांच्या वाचकासारखी बोलत नाही. भएको चं ‘भा’को’ होतं, पहिलो चं ‘पैलो’. शिवाय २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या, आणि नेपाळी ही मातृभाषा असलेले निम्म्याहूनही कमी आहेत. पोखऱ्याच्या आसपास गुरुङ आणि मगर वस्ती मोठी. तुमच्या बऱ्याच रुग्णांची नेपाळी ही दुसरी भाषा असेल, आणि आदराच्या पायऱ्या ते तुमच्या पुस्तकाइतक्या काटेकोर पाळणार नाहीत. त्यांचं ऐकून तुम्ही तुमची पायरी सोडायची नाही. तँ-तिमीची रूपं या आठवड्यात शिका, पण ऐकून ओळखण्यापुरती.

एक कसोटी देतो. सहा आठवड्यांनी शिक्षकाशी हिंदीचा एकही शब्द न वापरता वीस मिनिटांची तपासणी पार पडली, आणि तुम्ही लिहून घेतलेलं त्याने सांगितलेल्याशी जुळलं, तर तुम्ही जायला तयार आहात. जुळलं नाही तर बहुतेक वेळा चूक दोन ठिकाणी सापडते: ऐकलेल्या नकारात, किंवा ले मध्ये. त्या त्या आठवड्याकडे परत जा.

पोचल्यावर हिंदी लपवून ठेवा. पोखऱ्यात हिंदी पुष्कळांना कळतं, आणि तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच हिंदीवर येईल. तेव्हा ‘नेपालीमै भन्नुस् न’ म्हणा. तिमीकडे तुम्ही स्वतःहून जाऊ नका. बरोबरीची एखादी सहकारी काही आठवड्यांनी हसून ‘मलाई तिमी भन न’ म्हणेल. मग तिच्यापुरतं छौ, गर्छौ, आयौ सुरू करा, आणि तिला ‘यहाँ बस’ म्हणताना शेवटचा अ पूर्ण उच्चारा.